दहावीच्या पुस्तकातली आकृती आणि लेकीचा प्रश्न

मुक्ता_नाशिक
लेक दहावीला आहे. परवा विज्ञानातला प्रजनन संस्थेचा धडा करत होतो आम्ही दोघी. आकृती समोर होती, गर्भाशय, अंडाशय, अंडनलिका, योनी. तिनं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आई, यात शू कुठून होते ते कुठंय? आणि बाहेरून काय दिसतं ते का नाही काढलं? मुलांचं तर काढलंय की." मी म्हटलं परीक्षेला हेच येतं, पुढे चल. रात्री झोप नाही लागली. कारण मी ४२ वर्षांची आहे, एमकॉम आहे, आणि लघवीची आणि योनीची वाट वेगवेगळी असते हे मला पंचविशीत, लग्नाच्या आधी दोन महिने कळलं होतं. आणि क्लिटोरिस हा शब्द वयाच्या ३४ व्या वर्षी कळला, लग्नाला ९ वर्षं झाल्यावर. ती ९ वर्षं मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे, बाकीच्या बायकांना जे होतं ते मला होत नाही. नवऱ्यालाही तेच वाटायचं, तो वाईट नव्हता, त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.
तर प्रश्न दोन. तुम्हाला हे सगळं कुठून आणि कधी कळलं? आणि लेकीला आता काय आणि किती सांगू? ती विचारतेय, मी उत्तर गिळलंय.

सुमनकाकू
मुक्ता, मुलीला लघवीला जळजळ होते का गं? बार्लीचं पाणी दे सकाळ संध्याकाळ, आणि धणे भिजवून ते पाणी. माझ्या नातीला फरक पडला होता.

मुक्ता_नाशिक
काकू तिला त्रास काही नाही हो, तिला चित्रात ती जागा सापडत नव्हती.

विनायक६१
धाग्याचा हेतू चांगला असेल. पण आमच्या पिढीला यातलं काहीच शिकवलं नाही, तरी संसार झाले, मुलं झाली, नातवंडं झाली. निसर्ग शिकवतो. पंधराव्या वर्षी मुलीला हे अवयव दाखवून कुतूहल वाढवण्यापलीकडे काय साधणार?

रोहिणी_दादर
विनायकराव, मी तुमच्याहून मोठी आहे, ६७ पूर्ण. मुलं झाली हे खरं. पण मुलं व्हायला बाईला सुख मिळायची गरज नसते, ते तिच्याशिवायही होतात. तीस वर्षं मी छताकडे बघत काढली, तो पंखा अजून डोळ्यासमोर आहे. ह्यांच्याबद्दल तक्रार नाही, माणूस देवासारखा होता. आम्हाला दोघांना माहीतच नव्हतं की काही राहून जातंय.

विनायक६१
रोहिणीताई, यावर मी काय बोलणार. वाचतोय.

डॉ_अनघा
मी सांगली भागात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, २१ वर्षं. मुक्ता, तुझ्या लेकीनं बरोबर जागी बोट ठेवलंय. पुस्तकातली ती आकृती समोरून कापून दाखवलेली असते, आणि ती मूल कसं होतं एवढ्यासाठीच काढलेली असते. लघवीची पिशवी आणि तिची नळी समोर येते म्हणून काढून टाकतात, आणि बाहेरचं सगळं मूल होण्यात थेट लागत नाही म्हणून गाळतात. पुरुषाच्या बाबतीत मुलाची वाट आणि सुखाची जागा एकच आहे म्हणून ती आपोआप चित्रात येते. बाईच्या बाबतीत त्या दोन वेगळ्या जागा आहेत. माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.
आता ती सुखाची जागा, म्हणजे क्लिटोरिस. बाहेर दिसतो तो वाटाण्याएवढा भाग, वर कातडीची टोपी असते, लघवीच्या छिद्राच्या वरच्या बाजूला. पण तो फक्त शेंडा. आत त्याचा दांडा वळून खाली येतो, त्याला दोन पाय फुटतात आणि ते जांघेतल्या हाडाला धरून मागे जातात, आणि योनीच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना स्पंजासारखे दोन फुगीर भाग असतात. सगळं मिळून साधारण ९ ते ११ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मधल्या बोटापेक्षाही लांब. पुरुषाचं जे आहे तेच हे, गर्भात पहिले आठ-नऊ आठवडे बाहेरून दोघांचं सारखंच दिसतं, मग वाटा वेगळ्या होतात. त्यामुळे उत्तेजित झाल्यावर यातही रक्त भरतं, ते ताठ होतं, फुगतं. फरक इतकाच की बहुतेक सगळं आत असल्यामुळे दिसत नाही, आणि न दिसल्यामुळे कुणी थांबत नाही. रक्त भरायला वेळ लागतो. पाच मिनिटांत उरकलं तर ते अर्धवट राहतं, ओलावाही पुरेसा येत नाही, मग दुखतं.
उलट योनीच्या आतल्या खोल भागात स्पर्श कळणाऱ्या नसा फार कमी असतात. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांना हे ठाऊक आहे, नीट बसला की तो आत आहे हेच विसरायला होतं. मग त्याच भागातून सगळं सुख यावं अशी अपेक्षा का?

निनाद_के
डॉक्टर मस्त समजावलंत. थोडी भर घालतो, मी यावर बरंच वाचलंय. तिथे ८००० नर्व्ह एंडिंग्ज असतात, पुरुषाच्या दुप्पट. आणि त्याशिवाय जी-स्पॉट वेगळा असतो, योनीत पुढच्या भिंतीवर, तो सापडला की बाहेरच्या भागाची गरज राहत नाही. तो खरा पूर्ण ऑरगॅझम, बाहेरचा म्हणजे सुरुवातीची पायरी.

डॉ_अनघा
निनाद, निम्मं बरोबर. ८००० हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो गायीगुरांवरच्या जुन्या अभ्यासातून आलेला आहे. माणसाच्या नसा खरोखर सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या त्या २०२२ साली अमेरिकेत, आणि तंतू निघाले दहा हजारांच्या थोडे वर. तेही सातच नमुन्यांवरून, त्यामुळे दुप्पट-तिप्पट असली तुलना मी करणार नाही. पुढच्या भिंतीवर काहींना छान वाटतं हे खरं आहे. पण तिथे वेगळा अवयव म्हणून काही अजून कुणाला दाखवता आलेलं नाही. त्या भिंतीच्या पलीकडेच क्लिटोरिसचा आतला भाग आणि मूत्रनळी असते, दाब तिकडे पोचतो असं मला जास्त पटतं. यावर तज्ज्ञांचंही एकमत नाहीये.
पण "खरा" आणि "पायरी" हे सोड. या एका वाक्यानं माझ्या किती पेशंट रडल्यात.

बखरवाचक
निनादने जे लिहिलंय त्याला मोठा इतिहास आहे म्हणून लिहितोय, विषय भरकटतोय असं वाटलं तर माफ करा. १९०५ साली फ्रॉइडने मांडलं की मुलगी वयात येताना सुखाची जागा बाहेरून आत सरकायला हवी, नाही सरकली तर ती बाई अपरिपक्व. याला शरीररचनेचा काही आधार नव्हता, पण पुढची कित्येक दशकं डॉक्टर हेच सांगत राहिले.
यात मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट मारी बोनापार्टची वाटते. नेपोलियनच्या घराण्यातली राजकन्या, ग्रीसच्या राजपुत्राशी लग्न झालेलं, आणि संभोगात तिला काही मिळत नव्हतं. तिनं काय केलं तर टोपणनावानं संशोधन केलं, १९२४ साली ते छापलं. दोनशेच्या वर बायकांची मोजमापं, क्लिटोरिसचा शेंडा आणि योनीचं तोंड यातलं अंतर किती. तिचा निष्कर्ष असा की अंतर कमी असलं तर संभोगात सुख मिळतं, जास्त असलं तर नाही. आणि मग तिनं व्हिएन्नाच्या एका सर्जनकडून स्वतःवर ऑपरेशन करून घेतलं, तो भाग खाली योनीजवळ आणायचा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. उपयोग झाला नाही. तिच्याकडे पैसा होता, फ्रॉइड स्वतः तिचा गुरू होता, आणि तरी स्वतःच्या शरीरावर सुरी चालवण्याआधी "हात लावून पाहा" एवढं साधं उत्तर कुणी दिलं नाही.
दुसरं म्हणजे हे सगळं कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. कोबेल्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८४४ मध्ये आतल्या भागाची उत्तम चित्रं काढली होती. मग ते मागे पडलं. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओ'कॉनेल या मूत्ररोगतज्ज्ञ बाईंनी शवविच्छेदन करून पुन्हा दाखवलं की पाठ्यपुस्तकांतली रचना अपुरी आणि चुकीची आहे, नंतर २००५ मध्ये एमआरआयही आले त्यात.
आणि आपल्याकडे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला हरले. त्याला नव्वद वर्षं झाली आणि मुक्ताताई विचारतायत लेकीला किती सांगू.

गोदाकाठ
ते राजकन्येचं वाचून पोटात कसंतरी झालं.

अभय_एस
पुरुष आहे, लिहू का नको करत तीन वेळा टाइप करून पुसलं. लग्नाला १२ वर्षं. गेल्या वर्षी बायकोनं सांगितलं की ती इतकी वर्षं नाटक करत होती. पहिले दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही, मला फसवल्यासारखं वाटलं. मग विचारलं का गं. ती म्हणाली, "तू दरवेळी विचारायचास झालं का, आणि नाही म्हटलं की तुझा चेहरा पडायचा. काय हवंय ते मलाच सांगता येत नव्हतं." मी जे शिकलो ते कॉलेजात मित्रांच्या मोबाइलवर पाहून, त्यात बाई लगेच तयार असते आणि जोर लावला की खूश होते. आज डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून कळतंय की मी चुकीच्या जागी मेहनत करत होतो. राग आता तिच्यावर नाहीये. डॉक्टर एक विचारायचंय, सगळ्याच बायकांना असं असतं का?

डॉ_अनघा
सगळ्या नाही, पण बहुतेक. अमेरिकेत २०१८ साली छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत साधारण १८ टक्के बायकांनी सांगितलं की नुसता संभोग पुरतो. साधारण ३७ टक्के म्हणाल्या क्लिटोरिसला स्पर्श असल्याशिवाय होतच नाही, आणि आणखी तितक्याच म्हणाल्या तसं झालं तर अधिक छान होतं. म्हणजे तुझी बायको नेहमीच्यातलीच आहे. आणि "झालं का" हा प्रश्न बंद कर, "इथे का जरा वर, हलकं का जास्त" असं विचार. शेंडा फार नाजूक असतो, काहींना थेट हात सोसत नाही, टोपीवरूनच बरं वाटतं. हे तिलाच माहीत असणार, किंवा तिलाही शोधायला लागेल.

शर्वरी०९
मी बरीच वर्षं नुसती वाचक आहे, पहिल्यांदा लिहितेय. माझी केस सुखाची नाही, त्याच्या आधीची. लग्नानंतर संबंधच होईना. म्हणजे आत काही जायचंच नाही, भिंत असल्यासारखं, आणि जळजळ इतकी की मी नवऱ्याला लाथ मारली होती एकदा. पहिल्या डॉक्टर म्हणाल्या रिलॅक्स हो, सिनेमाला जा. दुसरीकडे तपासणीच करता आली नाही, मी टेबलावर पाय मिटून घेतले, तर त्या म्हणाल्या "लग्न केलंस ना मग एवढं काय." तिसऱ्यांनी थेट आयव्हीएफ सुचवलं. सासरी दोन वर्षं मूल का नाही मूल का नाही चालू होतं, आणि मी कुणाला सांगू की मुलाचा प्रश्नच येत नाहीये.
चौथ्या डॉक्टरांनी कपडे काढायला सांगितलंच नाही. कागद पेन दिला आणि म्हणाल्या तुझं तुला जसं वाटतं तसं चित्र काढ. मी एक छिद्र काढलं. एकच. २८ वर्षांची होते मी, इंजिनिअर. त्यांनी नाव सांगितलं, व्हजायनिस्मस, योनीभोवतीचे तळाचे स्नायू भीतीनं आपोआप आवळले जातात, मी मुद्दाम करत नाहीये. ते ऐकून मी तासभर रडले.
मग फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, तळाच्या स्नायूंचं बघणारी. पहिले दोन आठवडे फक्त हातआरसा घेऊन बघायचं, हात लावायचा नाही. मग बाहेरून बोट. मग श्वास सोडताना करंगळीचं टोक, भरपूर जेल लावून. मग डायलेटरचा सेट, म्हणजे आत घालायच्या चढत्या जाडीच्या कांड्या, सगळ्यात लहान करंगळीपेक्षा बारीक. रोज दहा मिनिटं, दुखलं की थांबायचं, पुढचा आकार घ्यायची घाई करायची नाही. सात महिने लागले. मधे एकदा पूर्ण मागे गेले, लहान आकारही जाईना, तेव्हा फिजिओ म्हणाली हे होतं, एक पायरी खाली ये. या सगळ्यात नवऱ्याला एकदाही प्रयत्न करू नकोस असं सांगितलेलं होतं, त्यानं ते पाळलं.
आरशात बघतानाच मला पहिल्यांदा तो वाटाण्याएवढा भाग दिसला. मला वाटलं गाठ आहे. फोटो काढून डॉक्टरांना पाठवायला निघाले होते.

डॉ_अनघा
शर्वरी, गाठ समजून येणाऱ्या माझ्याकडे तुझ्याआधी पण आल्यात, लाजू नकोस. बाकीच्यांसाठी एकच सांगते, दुखण्याची सगळी कारणं हीच नसतात. इन्फेक्शन, एंडोमेट्रिओसिस, बाळंतपणातले टाके, पाळी गेल्यावरचा कोरडेपणा, असं बरंच असतं, म्हणून आधी तपासणी. आणि तपासताना दुखलं तर डॉक्टरला थांबा म्हणायचा हक्क आहे.
माझ्याकडे बायका येतात त्या "पिशवी", "अंगावरून जातं", "खाली दुखतं" एवढंच बोलतात. खाली म्हणजे कुठे विचारलं तर हात पोटापासून गुडघ्यापर्यंत फिरतो. जागेला नाव नसेल तर दुखतं कुठे हे सांगता येत नाही, आणि छान कुठे वाटतं हे तर त्याहून नाही.

रोहिणी_दादर
पाळी गेल्यावरच्या कोरडेपणाचं लिहिलंत म्हणून सांगते. ५५ ला मला बसताना सुद्धा चुरचुरायचं. एक डॉक्टर म्हणाले "आता या वयात कशाला हवंय ते." मला ते नकोच होतं, मला नीट बसायचं होतं! नंतर दुसरीकडे इस्ट्रोजेनचं क्रीम मिळालं, आत थोडंसं लावायचं, आधी रोज आणि मग आठवड्यातून दोनदा. दीड-दोन महिन्यांत फरक पडला. आणि खरं सांगू, ते लावताना मला माझं शरीर पहिल्यांदा हाताला कळलं. हे तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती.

सुमनकाकू
रोहिणी, ते क्रीम कुठलं गं? डॉक्टरला विचारायला तोंड होत नाही माझं.

रोहिणी_दादर
काकू नावावर जाऊ नका, चिठ्ठीवरच मिळतं, छातीच्या कॅन्सरची हिस्टरी असली तर आधी सांगावं लागतं. मी येते तुमच्याबरोबर. व्यनि करते.

मास्तरीण_सातारा
शिक्षिकेची बाजू मांडते. मी हाच धडा १४ वर्षं शिकवतेय. २००७ मध्ये शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम आपल्या राज्यात बंद झाला, चित्रांवरून आमदारांनी आणि संघटनांनी विरोध केला होता. तेव्हापासून शिक्षकांच्या मनात भीती बसली ती बसलीच. आता पुस्तकात धडा आहे, पण बऱ्याच शाळांत "घरी वाचून या" असं होतं. बारावीला एनसीईआरटीच्या पुस्तकात क्लिटोरिसवर एक वाक्य आहे, बोटासारखा छोटासा अवयव, कुठे असतो ते. कशासाठी असतो ते नाही. आणि ते वाक्यही बायोलॉजी घेतलेल्यांनाच मिळतं, कॉमर्स आर्ट्सच्या पोरींनी काय करायचं.
मी एकदा फळ्यावर बाहेरची आकृती काढली होती. दुसऱ्या दिवशी दोन पालक ऑफिसात. त्यातली एक आई बाहेर गाठून मला हळूच म्हणाली, मॅडम मला ते चित्र द्याल का.

कावेरी_ल्यों
मी फ्रान्समध्ये राहते. इथेही फार जुनं नाहीये हे. २०१७ मध्ये पहिल्यांदा एका शालेय पुस्तकात क्लिटोरिसची पूर्ण आकृती बरोबर आली, त्याआधी इथेही एक ठिपका नाहीतर तोही नाही. त्याच्या आदल्या वर्षी एका संशोधक बाईंनी खऱ्या आकाराचं मॉडेल थ्री-डी प्रिंटवर केलं, फाइल मोफत ठेवली, कुणीही छापू शकतं. माझ्या मुलाच्या शाळेत ते पाहिलंय मी, उलट्या इंग्रजी वाय सारखं दिसतं, मुलं मुली दोघं हातात घेऊन बघतात. पहिली पाच मिनिटं खिदळतात आणि मग परीक्षेला येणार का विचारतात.

विनायक६१
सगळा धागा वाचला, दोनदा. माझं मत पूर्ण बदललं असं नाही म्हणणार, वयाचा विचार हवाच. पण अभयने जे लिहिलं ते मुलांना शिकवायला हवं हे मान्य. मुलीला सांगून काय होणार, समोरच्याला माहीत नसेल तर. माझ्या मुलाचं पुढच्या वर्षी लग्न आहे. मी त्याला काय सांगायचं हे मला कळत नाहीये.

अभय_एस
काका, या धाग्याची लिंक पाठवा त्याला. माझी पोस्ट वगळली तरी चालेल.

मुक्ता_नाशिक
सगळ्यांचे आभार, शर्वरी तुझे जास्त. काल बसले लेकीबरोबर. चित्र काढलं, आरशात समोरून दिसेल तसं. वरून खाली, हे क्लिटोरिस, हे लघवीचं छिद्र, ही योनी, ही शीची जागा. तिनं विचारलं हे वरचं कशासाठी. मी म्हटलं, छान वाटण्यासाठी, त्याचं तेवढंच काम आहे. ती म्हणाली "तेवढंच? दुसरं काहीच नाही?" मी म्हटलं दुसरं काहीच नाही. आणि सांगितलं की स्वतः बघायचं असेल तर हात धुऊन, दार लावून, त्यात वाईट काही नाही, आणि दुसऱ्या कुणी तुझ्या मनाविरुद्ध हात लावायचा नाही. दहा मिनिटांत संपलं. घाम मला फुटला होता, तिला नाही.
मराठी शब्द शोधला तर शब्दकोशात शिश्निका सापडला. तिनं विचारलं म्हणजे छोटं शिश्न का? आणि नाक मुरडलं, "त्यांच्यावरून आमचं नाव का?" तर आमच्या घरी क्लिटोरिसच. कुणाला चांगला शब्द माहीत असेल तर सांगा.

मास्तरीण_सातारा
शब्द माझ्याकडेही नाही, बोलीत जे आहेत ते शिव्याच. मुक्ता, तुझ्या चित्राचा फोटो टाकशील का? आणि कावेरी, त्या मॉडेलची फाइल. साताऱ्यात थ्री-डी प्रिंट करणारा एक मुलगा आहे, माझाच विद्यार्थी. मुख्याध्यापक काय म्हणतील माहीत नाही, जूनमध्ये तो धडा पुन्हा माझ्याकडे येतोय.